डायफेनिलअमाइनचा जांभळा रंग आणि फॉस्फोरिक आम्लाचे काम

बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत विचारला जाणारा एक ठरलेला प्रश्न आहे. डायक्रोमेटने फेरस लोहाचे अनुमापन करताना, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत टायट्रेशन करताना, फ्लास्कमध्ये फॉस्फोरिक आम्ल का घालतात? याला विद्यार्थ्यांकडून मिळणारे उत्तरही ठरलेलेच असते. "फेरिक आयनांचा पिवळा रंग घालवण्यासाठी." हे उत्तर चूक नाही, पण ते अर्धे आहे, आणि आमच्या मते महत्त्वाचा अर्धा भाग त्यातून सुटलेला आहे. पिवळा रंग घालवणे एवढेच काम असते, तर सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात फॉस्फोरिक आम्ल न घालताही आपले फारसे अडले नसते, कारण तेथे फेरिकचा पिवळेपणा फिकाच असतो. तरीही फॉस्फोरिक आम्ल वगळले की उत्तर तीन-चार टक्क्यांनी कमी येते. हे का घडते, ते आम्ही या लेखात सविस्तर सांगणार आहोत. रसायनशास्त्र न शिकलेल्या सभासदांनाही थोडे लक्ष दिल्यास हा विषय समजण्यासारखा आहे, आणि लेखाच्या शेवटच्या भागाचा संबंध तर शेतातल्या मातीशी आहे.

प्रथम मूळ क्रिया पाहू. आम्लयुक्त द्रावणात डायक्रोमेट हे फेरस लोहाचे ऑक्सिडीकरण करून त्याचे फेरिक लोह बनवते आणि स्वतः क्षपण पावून हिरवे क्रोमिक आयन बनते.

Cr₂O₇²⁻ + 6Fe²⁺ + 14H⁺ → 2Cr³⁺ + 6Fe³⁺ + 7H₂O

पोटॅशियम डायक्रोमेटचा मोठा गुण असा की, ते शुद्ध स्वरूपात मिळते, हवेत बिघडत नाही आणि सरळ तोलून त्याचे प्रमाण द्रावण करता येते. बंद बाटलीत ते महिनोन् महिने जसेच्या तसे राहते. परमँगनेटचे तसे नाही. ते वरचेवर तपासावे लागते, आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असेल तर ते क्लोराइडवरही हल्ला करते. थंड आणि फार तीव्र नसलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात डायक्रोमेट हा त्रास देत नाही. लोहखनिज हायड्रोक्लोरिक आम्लातच विरघळवतात, म्हणून खनिजाच्या पृथक्करणात डायक्रोमेटला पसंती मिळाली.

पण परमँगनेटचा एक गुण डायक्रोमेटकडे नाही. परमँगनेटचा एक जादा थेंब पडला की सारा फ्लास्क गुलाबी होतो. डायक्रोमेटचा नारिंगी रंग त्या मानाने दुबळा असतो, आणि फ्लास्कमध्ये क्रोमिक आयनांचा हिरवा रंग आधीच जमलेला असतो. त्यात एक नारिंगी थेंब पडल्याचे डोळ्याला कळणार कसे? म्हणून वेगळा दर्शक लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, म्हणजे ही पद्धत रूढ झाल्यापासून, यासाठी पोटॅशियम फेरिसायनाइड वापरत असत. तो फ्लास्कमध्ये घालत नसत. पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीवर त्याचे थेंब मांडून ठेवायचे, अनुमापन करता करता काचेच्या कांडीने फ्लास्कमधला एक थेंब काढायचा आणि फरशीवरच्या थेंबात मिसळायचा. निळा रंग आला तर फेरस शिल्लक आहे असे समजायचे. ही पद्धत चालत असे, पण वेळखाऊ होती, आणि काढलेल्या प्रत्येक थेंबाबरोबर थोडे लोह फरशीवर जात असे. १९२४ साली क्नोप या शास्त्रज्ञाने डायफेनिलअमाइन हा फ्लास्कमध्येच घालण्याचा दर्शक सुचवला आणि फरशीची गरज संपली.

डायफेनिलअमाइन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून त्याचे एक ग्रॅम शंभर मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्लात विरघळवून दर्शक तयार करतात. हे द्रावण रंगहीन असते. त्याचे ऑक्सिडीकरण दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात डायफेनिलअमाइनचे दोन रेणू जोडले जाऊन डायफेनिलबेंझिडाइन बनते. तेही रंगहीनच असते, आणि हा टप्पा उलट फिरत नाही. दुसऱ्या टप्प्यात डायफेनिलबेंझिडाइनपासून गडद जांभळा पदार्थ बनतो. हा टप्पा मात्र दोन्ही दिशांनी चालतो. ऑक्सिडीकारकाचे बळ वाढले की जांभळा रंग येतो आणि फेरसचे बळ वाढले की जातो. आपला खरा दर्शक म्हणजे हा दुसरा टप्पा.

आता 'बळ' म्हणजे काय ते ठरवले पाहिजे, कारण लेखाचा गाभा तेथेच आहे. द्रावणाची ऑक्सिडीकरण करण्याची प्रवृत्ती विद्युत विभवाने मोजतात आणि ती व्होल्टमध्ये सांगतात. डायफेनिलअमाइनचा जांभळा रंग सुमारे ०.७६ व्होल्टला निम्मा उमटतो. त्याच्या खाली ०.०३ आणि वर ०.०३ एवढ्या पट्ट्यात, म्हणजे ०.७३ पासून ०.७९ व्होल्टपर्यंत, तो हळूहळू भरत जातो. दर्शकाला लोह किती उरले याचा पत्ता नसतो. त्याला फक्त द्रावणाचे विभव कळते.

आणि फ्लास्कमधले विभव ठरते ते फेरिक व फेरस यांच्या गुणोत्तरावर. दोन्ही समसमान असतात तेव्हा, म्हणजे अर्धे लोह ऑक्सिडीकृत झालेले असताना, साधारण एक मोलर सल्फ्युरिक आम्लात विभव सुमारे ०.६८ व्होल्ट असते. पुढे हे गुणोत्तर दहापट झाले की विभव ०.०५९ व्होल्टने वाढते, शंभरपट झाले की त्याच्या दुप्पट वाढते, हजारपट झाले की तिप्पट. हे एवढे सूत्र हाती असले की बाकीचे गणित कोणालाही करता येईल.

फॉस्फोरिक आम्लाशिवाय काय होते

एक उदाहरण घेऊ. फेरस अमोनियम सल्फेट, ज्याला आपण मोहरचा क्षार म्हणतो, त्याचे ९.८० ग्रॅम सौम्य सल्फ्युरिक आम्लात विरघळवून २५० मिलिलिटर द्रावण केले. क्षार शुद्ध असेल तर हे द्रावण ०.१ नॉर्मल होते. पोटॅशियम डायक्रोमेटचे १.२२६ ग्रॅम २५० मिलिलिटरमध्ये विरघळवले की तेही ०.१ नॉर्मल होते. फेरस द्रावणाचे २० मिलिलिटर फ्लास्कमध्ये घेतले आणि ब्युरेटमध्ये डायक्रोमेट भरले, तर सममूल्य बिंदू बरोबर २०.० मिलिलिटरला यायला हवा. ०.१ नॉर्मल डायक्रोमेटच्या प्रत्येक मिलिलिटरमागे ५.५८५ मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे फ्लास्कमध्ये १११.७ मिलिग्रॅम आणि २५० मिलिलिटरमध्ये १.३९६ ग्रॅम लोह निघते. तोललेल्या क्षाराच्या मानाने हे १४.२ टक्के होते आणि मोहरच्या क्षारात लोह असते ते तेवढेच.

आता फॉस्फोरिक आम्ल न घालता, केवळ सल्फ्युरिक आम्ल आणि दर्शकाचे चार थेंब घेऊन अनुमापन सुरू करू. जांभळा रंग निम्मा केव्हा उमटेल? विभव ०.७६ होईल तेव्हा. सुरुवातीच्या ०.६८ पेक्षा हे ०.०८ व्होल्टने जास्त आहे. वरच्या सूत्राने पाहता त्यासाठी फेरिक हे फेरसच्या सुमारे साडेबावीस पट व्हावे लागते. म्हणजे प्रत्येक साडेतेवीस भागांतला एक भाग फेरस अजून शिल्लक आहे आणि दर्शक मात्र "झाले" म्हणून सांगतो आहे. टक्केवारीत सांगायचे तर ९५.७ टक्के लोह संपलेले आहे आणि ब्युरेट १९.१५ मिलिलिटर दाखवते. या वाचनावर हिशेब केला तर क्षारात १४.२ ऐवजी १३.६ टक्के लोह निघते.

यावर कोणी म्हणेल की, चूक नेहमी तेवढीच असेल तर ती दुरुस्त करता येईल. अडचण अशी की, ती तेवढीच नसते. रंगाचा पट्टा ०.७३ पासून ०.७९ पर्यंत आहे असे आपण म्हटले. या पट्ट्याचा हिशेब केला तर जांभळी झाक १७.५ मिलिलिटरच्या सुमारास दिसू लागते आणि रंग पुरता भरतो तो १९.७ मिलिलिटरला. म्हणजे दोन मिलिलिटरहून जास्त अंतर रंग हळूहळू चढत राहतो. खाली हिरवे क्रोमिक आयन असतात, त्यावर जांभळी छटा चढते, दोन्ही मिळून एक करडा-निळसर रंग तयार होतो, आणि थांबायचे कोठे हे ज्याचे त्याने ठरवायचे. एकाच बाकावर काम करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांची वाचने अर्ध्या मिलिलिटरने वेगळी आली तर त्यात त्यांचा दोष नाही. द्रावणानेच त्यांना स्पष्ट खूण दिलेली नाही. हे आकडे गणिताचे आहेत. प्रत्यक्षात दर्शकाचे ऑक्सिडीकरण थोडे सावकाश होते, त्यामुळे वाचन किंचित पुढे सरकू शकते, पण चित्र बदलत नाही.

फॉस्फोरिक आम्ल घातल्यावर

फॉस्फोरिक आम्ल फेरिक आयनांशी घट्ट बांधले जाते आणि त्यांचे रंगहीन जटिल आयन बनते. फेरस आयनांशी ते त्या मानाने फारच सैल राहते. या एकाच गोष्टीतून दोन परिणाम निघतात. पहिला सर्वांना ठाऊक असलेला: पिवळे फेरिक रंगहीन झाल्यामुळे पार्श्वभूमी स्वच्छ होते. हायड्रोक्लोरिक आम्लातील द्रावणात हा फायदा विशेष जाणवतो, कारण तेथे फेरिकचा पिवळा रंग चांगलाच गडद असतो.

दुसरा परिणाम डोळ्याला दिसत नाही. विभव ठरते ते मोकळ्या फेरिक आणि मोकळ्या फेरस आयनांवर. फॉस्फोरिक आम्लाने बहुतेक फेरिक बांधून टाकले, तर मोकळे फेरिक फार थोडे उरते आणि विभव खाली येते. एक मोलर सल्फ्युरिक आम्लात अर्धा मोलर फॉस्फोरिक आम्ल असेल, तर अर्धे लोह संपलेल्या अवस्थेतले विभव ०.६८ वरून सुमारे ०.६१ व्होल्टवर उतरते. दर्शकाचा ०.७६ मात्र जागचा हलत नाही. डायक्रोमेटची बाजूही जवळजवळ जागच्या जागी राहते, कारण क्रोमिक आयनांना फॉस्फेट एवढ्या लवकर धरत नाही. म्हणजे सममूल्य बिंदूपाशी विभवाची जी उंच पायरी असते, तिची खालची कड आणखी खाली जाते, वरची तशीच राहते, आणि दर्शक आता पायरीच्या उभ्या भागावर येतो. आधी तो तिच्या पायथ्याच्या उतारावर रेंगाळत होता.

आकड्यांत पाहू. ०.६१ पासून ०.७६ म्हणजे ०.१५ व्होल्ट. त्यासाठी फेरिक हे फेरसच्या सुमारे ३४० पट व्हावे लागते, म्हणजे ९९.७ टक्के लोह संपलेले असते. आपल्या उदाहरणात हे १९.९४ मिलिलिटर होते. रंगाचा पूर्ण पट्टा पाहिला तर सुरुवात १९.८ ला आणि शेवट १९.९८ ला. दोन मिलिलिटरचा रेंगाळणारा उतार जाऊन तेथे तीन-चार थेंबांची चढण आली. हिरव्या द्रावणावर एका थेंबाने निळसर करडी छटा येते आणि पुढच्या एक-दोन थेंबांत ती गडद जांभळी होते. बाकावरच्या दोघांचेही वाचन आता एकच येईल.

ज्यांना गणितावर विश्वास ठेवणे जड जाते त्यांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. फॉस्फोरिक आम्ल न घालता अनुमापन करावे आणि जांभळा रंग स्पष्ट दिसला की थांबून वाचन टिपावे. मग त्याच फ्लास्कमध्ये ८५ टक्क्यांचे ५ मिलिलिटर फॉस्फोरिक आम्ल घालून हलवावे. जांभळा रंग मावळतो आणि हिरवे द्रावण परत दिसू लागते. फ्लास्कमधले फेरस तेवढेच आहे, पण विभव ०.७६ वरून ०.६९ च्या आसपास उतरले, म्हणून जांभळ्या पदार्थाचे पुन्हा क्षपण झाले. पुढे डायक्रोमेट सोडत गेले की आणखी पाऊण-एक मिलिलिटरनंतर रंग पुन्हा येतो, आणि या खेपेला तो झपकन येतो. पिवळा रंग घालवणे एवढेच काम असते तर जांभळा रंग जाण्याचे काही कारण नव्हते. तोंडी परीक्षेत हा प्रयोग सांगणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षक पुढचा प्रश्न विचारणार नाहीत, असे आम्हास वाटते.

फॉस्फोरिक आम्लाऐवजी काही ठिकाणी सोडियम फ्लोराइड घालतात. तेही फेरिकला बांधते, त्यामुळे काम तेच होते, पण आम्लात हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होत असल्याने काच आणि माणूस दोघांनाही ते बरे नाही.

हात कोठे चुकतो

फॉस्फोरिक आम्ल अनुमापनाच्या अगदी आधी घालावे आणि घातल्यावर लगेच अनुमापन उरकावे. फेरिकला बांधून घेणारे हे आम्ल फेरसला फेरिककडे ढकलत असते, म्हणून त्याच्या सान्निध्यात हवेतला ऑक्सिजनही फेरसचे ऑक्सिडीकरण सहज करतो. सकाळी पाच फ्लास्कमध्ये आम्ल घालून ठेवायचे आणि दुपारी एकेक करीत अनुमापन करायचे, तर शेवटच्या फ्लास्कचे वाचन पहिल्यापेक्षा कमी आले यात नवल नाही. वाचने क्रमाने घसरत असतील तर आधी हेच कारण तपासावे.

दर्शक स्वतःही थोडे डायक्रोमेट खातो. चार थेंबांना ते नगण्य असते, पण रंग नीट दिसावा म्हणून कोणी दहा-पंधरा थेंब ओतले तर वाचन वाढते. म्हणून प्रत्येक वेळी थेंब मोजून तेवढेच घालावेत. फेरस न घेता नुसते आम्ल आणि दर्शक घेऊन ही दुरुस्ती काढू पाहणाऱ्यांची मात्र फसगत होते. डायक्रोमेट एकटे असले की डायफेनिलअमाइनचे ऑक्सिडीकरण फार मंद चालते. फेरस आणि डायक्रोमेट यांची क्रिया चालू असताना तिच्या ओघात ते भरभर होते. फेरसच नाही तर रंग येण्यास वेळ लागतो, आणि काढलेली दुरुस्ती फसवी ठरते. त्यापेक्षा शुद्ध मोहरच्या क्षाराच्या माहीत असलेल्या वजनावर, त्याच प्रमाणात दर्शक आणि आम्ल घेऊन डायक्रोमेट तपासावे हे बरे.

रंग आल्यानंतरही डायक्रोमेट ओतत राहिले तर जांभळा पदार्थच नष्ट होतो आणि तो फेरस घालूनही परत येत नाही. तसेच द्रावणात टंगस्टेट असेल तर डायफेनिलअमाइन उपयोगी पडत नाही. या अडचणींमुळे १९३० च्या सुमारास कोल्थॉफ आणि सार्व्हर यांनी डायफेनिलअमाइन सल्फोनेट पुढे आणले. त्याचे सोडियम किंवा बेरियम लवण पाण्यात विरघळते, आणि त्याचा रंग सुमारे ०.८५ व्होल्टला बदलतो. हा आकडा वर असल्यामुळे फॉस्फोरिक आम्लाशिवायही ९९.९ टक्क्यांच्या जवळ पोहोचता येते. मग येथे फॉस्फोरिक आम्ल घालू नये का? घालावे. रंग आणखी झटकन बदलतो आणि पिवळेपणा जातो. पण साध्या डायफेनिलअमाइनबरोबर ते अनिवार्य आहे, सल्फोनेटबरोबर ते सोयीचे आहे, हा फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. पाठ्यपुस्तके बहुधा तो सांगत नाहीत.

एक सूचना सुरक्षिततेची. डायक्रोमेटमधले षट्संयुजी क्रोमियम विषारी आणि कर्करोगकारक आहे. पिपेट तोंडाने कधीही ओढू नये, रबरी फुगा वापरावा, आणि उरलेले नारिंगी द्रावण मोरीत न ओतता निराळ्या बाटलीत जमा करावे.

मातीच्या तपासणीत हेच गणित

शेतकऱ्याला माती परीक्षणाचा जो कागद मिळतो, त्यावर सेंद्रिय कर्बाची एक रकाना असतो. तो आकडा बऱ्याच प्रयोगशाळांत याच दर्शकाने काढला जातो. वॉकली आणि ब्लॅक यांनी १९३४ साली मांडलेल्या पद्धतीत एक ग्रॅम मातीवर एक नॉर्मल डायक्रोमेटचे १० मिलिलिटर आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे २० मिलिलिटर घालतात. आम्लाच्या उष्णतेने मातीतल्या कर्बाचे ऑक्सिडीकरण होते. अर्ध्या तासाने २०० मिलिलिटर पाणी, १० मिलिलिटर फॉस्फोरिक आम्ल आणि एक मिलिलिटर डायफेनिलअमाइन घालून, उरलेले डायक्रोमेट अर्धा नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेटने मोजतात. येथे दिशा उलटी आहे. ब्युरेटमध्ये फेरस असते. द्रावण मळकट तपकिरी रंगावरून निळसर जांभळे होते आणि शेवटी एका थेंबात चकचकीत हिरवे होते. माती न घेता केलेले कोरे अनुमापनही सोबत करायचे असते.

समजा, कोऱ्या अनुमापनाला २०.० मिलिलिटर फेरस लागले आणि मातीला १७.०. तीन मिलिलिटरचा फरक म्हणजे दहा मिलिलिटर डायक्रोमेटपैकी दीड मिलिलिटर कर्बाने खाल्ले. एक मिलिलिटरमागे ०.००३ ग्रॅम कर्ब, म्हणून एक ग्रॅम मातीत ०.४५ टक्के सेंद्रिय कर्ब. आपल्याकडे ०.५० टक्क्यांच्या खालचा कर्ब 'कमी' आणि ०.५० ते ०.७५ 'मध्यम' समजला जातो, आणि खताची मात्रा त्या वर्गावर ठरते.

आता फॉस्फोरिक आम्ल संपले म्हणून कोणी ते वगळले असे धरू. रंग जाण्यासाठी विभव ०.७६ च्या खाली यावे लागते, आणि त्यासाठी सुमारे साडेचार टक्के फेरस जादा ओतावे लागते. मातीचे वाचन १७.७५ होईल. कोरे वाचन जुन्या नोंदीतले २०.० घेतले तर कर्ब ०.३४ टक्के निघेल, म्हणजे होता त्याच्या तीन चतुर्थांश. कोरे अनुमापनही फॉस्फोरिक आम्लाशिवायच केले तर ते २०.९ वर जाते, आणि दोन्ही चुका एकाच प्रमाणात असल्याने भागाकारात एकमेकींना खाऊन टाकतात. उत्तर परत ०.४५ येते. यावरून फॉस्फोरिक आम्लाची गरजच नाही असे म्हणावे काय? मुळीच नाही. सरासरी चूक भागाकारात गेली, रंगाचा रेंगाळणारा पट्टा गेला नाही. मातीच्या फ्लास्कमध्ये तो १७.२ पासून १९.४ मिलिलिटरपर्यंत पसरलेला असतो. काम करणाऱ्याने मातीच्या वेळी अर्धा मिलिलिटर आधी हात थांबवला आणि कोऱ्याच्या वेळी थांबवला नाही, तर १७.२५ आणि २०.९ या वाचनांवरून कर्ब ०.५२ टक्के निघतो. 'कमी' वर्गातली जमीन 'मध्यम' वर्गात गेली आणि त्या शेतकऱ्याला कमी नत्राची शिफारस मिळाली. फॉस्फोरिक आम्ल असते तर सारा पट्टा १७.०२ ते १७.१६ मिलिलिटर एवढाच होता, आणि त्यात अर्धा मिलिलिटर चुकायला जागाच नव्हती.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आमच्या वाचकांना एक खूण सांगतो. मातीच्या नमुन्यांची दोन वाचने जुळत नसतील, आणि हिरवा रंग एका थेंबात न येता निळसर करडेपणा बराच वेळ रेंगाळत असेल, तर ब्युरेट किंवा दर्शक यांच्याकडे पाहण्याआधी फॉस्फोरिक आम्लाची बाटली पाहावी. आम्ल ८५ टक्क्यांचे आहे की कोणी पाणी घालून ठेवले आहे, आणि मोजपात्राने खरोखर दहा मिलिलिटर पडले की अंदाजाने ओतले, एवढे तपासले की बहुधा कारण सापडते.